उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?

‘मुलाला कोडिंग शिकवावे का, आणि शिकवायचे तर तिसरीतल्या मुलाला लॅपटॉप घ्यावा का?’ हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत अनेक आजी-आजोबांनी विचारला आहे. उत्तर थोडक्यात देते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सुचवले आहे ते सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी. त्याआधी लागते ती पूर्वतयारी, आणि ती जमिनीवर खडूने चौकटी आखूनही होते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे प्राध्यापक टिम बेल आणि त्यांचे सहकारी गेली तीसेक वर्षे संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचत आले आहेत. त्या प्रकारातला एकच खेळ आज सविस्तर सांगणार आहे. तो मी आमच्या जयसिंगपुरात एका शेजारघरी खेळले, आणि त्याचा शेवट खेळाच्या बाहेर झाला, म्हणून तो सांगावासा वाटतो.

जयसिंगपूरची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले आणि ते आधी आखून मग बांधले गेले. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, आणि त्यामुळे पत्ता सांगणे फार सोपे. परंतु याच सोयीची एक दुसरी बाजू आहे. एक चौक दुसऱ्यासारखा दिसतो. चुकीच्या बाजूला वळलेल्या माणसाला आपण चुकलो आहोत हे रस्ता सांगत नाही.

आमच्या शेजारचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उमेदीची सारी वर्षे अडत दुकानात दिवाणजी होते. हिशेबाला आणि शब्दाला पक्के. रोज सायंकाळी ते एका बाकापर्यंत फिरायला जात. घरातून बाहेर पडले की डावीकडे, दोन चौक सरळ, मग उजवीकडे, आणि तीन चौक चालले की बाक. गेल्या पावसाळ्यात एकदा ते परत येताना चुकले. अंधार पडला तेव्हा घरापासून चार चौकांवरील एका फाटकापाशी ते उभे सापडले. फाटक आपल्याच घराचे आहे, पण कडी का बदलली, असे ते विचारत होते. घरच्यांनी त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे नेले, डोळे तपासले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, औषध सुरू झाले. त्या वैद्यकीय बाजूचा विस्तार येथे करत नाही. एवढेच सांगते की ओळखीच्या रस्त्यावर वृद्ध माणूस अचानक चुकला तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे. आणि पुढे जो खेळ येतो आहे तो त्यावरचा उपचार मुळीच नाही.

त्या दिवसापासून आजोबांचे एकट्याने फिरणे बंद झाले. सायंकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसत. तिसरीतली नात शाळेतून आली की तिच्या आईला स्वयंपाक, आजोबा आणि अभ्यास अशा तीन गोष्टींकडे एकाच वेळी पाहावे लागे. “बाई, हिला काहीतरी द्या ओ करायला, आणि ह्यांनाही,” असे त्या सूनबाई मला म्हणाल्या. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवलेले. दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेले.

अंगणात शहाबादी फरशी होती, त्यामुळे चौकटी आखायचेही काम उरले नाही. पाच उभ्या रांगा आणि पाच आडव्या, अशा पंचवीस फरश्या घेतल्या. उभ्या रांगांना डावीकडून क, ख, ग, घ, च अशी नावे दिली. आडव्या रांगांना उंबऱ्यापासून मोजत 1 ते 5 असे आकडे. म्हणजे उंबऱ्यालगतची डाव्या कोपऱ्यातली फरशी ‘क1’, आणि तिच्याच ओळीत उजव्या टोकाची ‘च1’. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापल्या. त्यांवर तीनच आज्ञा लिहिल्या: ‘पुढे’, ‘उजवीकडे वळ’ आणि ‘डावीकडे वळ’. ‘पुढे’च्या बारा चिठ्ठ्या, वळणांच्या प्रत्येकी सहा. आरंभाला एवढ्या पुरतात. आज्ञांची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा. तीन आज्ञांत मुलाला चुकायला भरपूर जागा असते.

चालायचे कुणी? पुस्तकांत लिहिलेले असते की एकाने यंत्र व्हावे आणि चौकटींतून चालावे. आजोबांना हे सांगणे योग्य नव्हते. जागच्या जागी काटकोनात वळणे हे वृद्ध माणसाचा तोल जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे, आणि फरशीवर चिठ्ठ्या पसरलेल्या असताना तर नकोच. म्हणून आजोबा खुर्चीत बसतील, हातातल्या काठीने एक सोंगटी सरकवतील, आणि चिठ्ठ्यांवर जे लिहिले आहे तेच व तेवढेच करतील असे ठरले. प्रथम कॅरमची सोंगटी घेतली. दहा मिनिटांत भांडण झाले, कारण सोंगटीला तोंड नसते. ती ‘उजवीकडे वळली’ की नाही हे कुणाला दिसणार? मग नातीने बेंदराचा मातीचा बैल आणला. बैलाला शिंगे आहेत, तोंड आहे. तो कुठे पाहतो आहे यावर वाद होत नाही. मात्र मातीचा बैल काठीने ढकलला तर मोडायचा, म्हणून बैल हलवायचे काम माझ्याकडे आले आणि आजोबा काठीने फरशी दाखवू लागले. ज्या घरी हा खेळ करायचा असेल त्यांनी तोंड असलेली वस्तू घ्यावी, एवढे मात्र विसरू नये.

पहिला डाव असा. बैल क1 वर, त्याचे तोंड उंबऱ्यापासून दूर, समोरच्या भिंतीकडे. आजोबांची औषधाची डबी ग4 वर. वाटेत क3 वर पाण्याचा तांब्या ठेवला, तिथे बैलाला जाता येणार नाही. नातीने क्षणभर पाहिले आणि पाच चिठ्ठ्या ओळीने मांडल्या: पुढे, उजवीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे, पुढे.

तिच्या मनात काय होते हे आपल्याला कळते. एक घर वर, दोन घरे उजवीकडे, दोन घरे वर. आजोबांना हे कळले असते तर त्यांनीही बैल डबीपाशी नेला असता आणि खेळ तिथेच संपला असता. या खेळात मोठ्यांकडून होणारी सर्वांत सामान्य चूक हीच आहे. आपण दयाळू यंत्र होतो, मुलाने लिहिले ते न करता त्याला म्हणायचे होते ते करतो. मुलाला वाटते की आपली सूचना बरोबर होती. दिवाणजी आजोबा मात्र याबाबतीत मला भेटलेल्या यंत्रांपैकी सर्वोत्तम निघाले. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. पुढे: बैल क2 वर. उजवीकडे वळ: बैल जागच्या जागी वळला, तोंड ख2 कडे. पुन्हा उजवीकडे वळ: तोंड आता घराकडे. पुढे: बैल परत क1 वर. पुढे: “आता हा उंबरा ओलांडून घरात शिरला,” आजोबा शांतपणे म्हणाले.

“तसं नव्हं ओ आजोबा! तिकडं जायाचं होतं.”

“चिठ्ठीत ‘जा’ कुठं लिवलंय? ‘वळ’ लिवलंय.”

वळणे आणि सरकणे यांतला हा फरक बहुतेक प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी अडवतो. तो समजावून सांगण्यापेक्षा असा घडू द्यावा. नातीने मग सगळ्या चिठ्ठ्या गोळा करायला हात घातला. तेथे मात्र मी तिला थांबवले. आपले काम चुकले की सगळे पुसून पुन्हा आरंभ करायचा, ही मुलांची सवय असते. गणिताच्या वहीत पान फाडण्याचे मूळही तेच. पाचपैकी पहिली चिठ्ठी अगदी बरोबर होती. ती का टाकायची? म्हणून आम्ही एक नियम केला. आज्ञा पार पडली आणि बैल हवा तिथे असला, की त्या चिठ्ठीवर एक चिंचोका ठेवायचा. जिथे नातीला वाटेल की बैल भलतीकडे निघाला, तिथे ‘थांबा’ म्हणायचे. चिंचोका नसलेली पहिली चिठ्ठी पाहायची. तिच्या मागच्यांना हात लावायचा नाही.

दुसऱ्या वेळी ‘पुढे’ आणि पहिले ‘उजवीकडे वळ’ यांवर चिंचोके पडले, तिसऱ्या चिठ्ठीवर ती ओरडली, “थांबा!” तिसरी चिठ्ठी काढून तिने दोनदा ‘पुढे’ ठेवले. बैल ग2 वर आला, पण त्याचे तोंड घ2 कडे होते, डबीकडे नव्हते. तिने मान वाकडी करून पाहिले, मग उठून बैलाच्या मागे जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “डावीकडं.” शेवटी ओळ तयार झाली: पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे, पुढे. सात चिठ्ठ्या, सात चिंचोके. डबी आजोबांच्या हाती.

ते बैलामागे जाऊन बसणे मी तिला सांगितले नव्हते. आपले डावे-उजवे मूल साधारण सहा-सात वर्षांचे होताना ओळखू लागते, पण आपल्याकडे तोंड करून असलेल्याचे डावे-उजवे ओळखायला त्याला आणखी काही काळ लागतो, कारण तिथे स्वतःला मनाने त्याच्या जागी फिरवून उभे करावे लागते. अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले. पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ अशा आज्ञांवर ते चाले आणि रेघ काढी. मूल अडले की पॅपर्ट त्याला सांगत, तू स्वतः कासव हो आणि चालून पाहा. आमच्या अंगणात कासवाच्या जागी बैल होता, इतकेच. मूल अडले तर त्याला उत्तर सांगू नये. बैलामागे बसायला सांगावे. दुसरा उपयोगी प्रश्न आज्ञा पार पाडण्यापूर्वी विचारायचा: “ही चिठ्ठी वाचल्यावर बैल कुठल्या फरशीवर असेल आणि कुठे पाहत असेल?” मूल फरशी सांगते पण तोंड चुकवते, की तोंड सांगते पण फरशी चुकवते, यावरून ते नेमके कुठे अडखळते आहे हे कळते. माझ्या अनुभवात बहुतेक मुले फरशी बरोबर सांगतात.

आठवडाभर रोज वीस मिनिटे हा खेळ झाला. त्याहून अधिक वेळ घेऊ नये. आजोबांनाही थकवा येतो आणि थकलेले यंत्र दयाळू होऊ लागते. तांब्याच्या जागा बदलल्या, एकाचे दोन तांबे झाले. ते डाव वगळते, कारण सांगण्यासारखा डाव परतीचा आहे.

बैल डबीपाशी, ग4 वर, तोंड भिंतीकडे. त्याला घरी, क1 वर आणायचे. तांब्या पहिल्याच जागी, क3 वर. मी नातीला म्हटले, “गेला त्याच वाटेने आण.” तिने विचार केला की गेला तेव्हा सात चिठ्ठ्या होत्या, आता त्याच उलट्या क्रमाने वाचू. बैलाला घराकडे तोंड करायला हवे हे तिला सुचले, म्हणून आरंभी दोनदा ‘उजवीकडे वळ’ ठेवले. पुढे जुनीच ओळ शेवटाकडून: पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. दिसायला अगदी नीटस.

आजोबा काठीने दाखवू लागले. बैल ग3 वर, मग ग2 वर. डावीकडे वळ. बैलाचे तोंड घराकडे होते, म्हणून त्याची डावी बाजू म्हणजे घ2 ची बाजू. पुढे, पुढे: बैल च2 वर. उजवीकडे वळ, पुढे: बैल च1 वर उभा. उंबऱ्याच्या ओळीत, तोंड घराकडे, सारे बरोबर; फक्त चार फरश्या भलत्याच टोकाला.

नात बैलाकडे बघत राहिली. मग तिने आजोबांकडे पाहिले. “आजोबा, तुम्ही पण असंच केला होता की.”

सूनबाई दारात होत्या, त्यांनी तिला डोळ्यांनी दटावले. आजोबांनी मात्र हात वर करून त्यांना थांबवले. काठी फरशीवर टेकवून ते बराच वेळ च1 कडे पाहत होते. मग म्हणाले, “जाताना बाकाकडं उजवीकडं वळत होतो. येताना पण उजवीकडंच वळलो असणार. दोन चौक चाललो, आणि घर उजव्या हाताला शोधलं.” त्यांनी बोटांवर मोजले. योग्य कोपऱ्यापासून घर दोन चौक एका बाजूला. ते गेले दोन चौक दुसऱ्या बाजूला. चार चौक. मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले ते अंतर बरोबर तेवढेच होते.

त्या दिवशी आजोबा नेमके याच कारणाने चुकले, असे मी ठामपणे म्हणणार नाही. स्मृतीच्या तक्रारीत केवळ डावे-उजवे बिघडत नाही. पण ‘आपले डोके गेले’ या धास्तीने जो माणूस त्या संध्याकाळबद्दल एक शब्द काढत नव्हता, तो आता नातीबरोबर चिठ्ठ्यांवर वाकला होता.

चूक शोधायला चिंचोके होतेच. आरंभीच्या दोन वळणांवर आणि दोन ‘पुढे’वर चिंचोके पडले, पहिला रिकामा कागद ‘डावीकडे वळ’चा. तो बदलून ‘उजवीकडे वळ’ केला. बैल ख2 वर, क2 वर. आता पुढची चिठ्ठी ‘उजवीकडे वळ’. तीही उलटवावी लागली. अखेरची ओळ: उजवीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे. बैल घरी. परत येताना क्रम तर उलटतोच, पण प्रत्येक वळणही उलटते. हे नातीने स्वतःच्या शब्दांत सांगितले ते असे: “मागनं वाचायचं आणि डावं-उजवं बदलायचं. ‘पुढे’ तसंच ठेवायचं.” संगणकशास्त्रातही केलेली क्रिया परतवण्याची रीत हीच असते. शेवटची क्रिया आधी उलटवायची, आणि प्रत्येक क्रियेच्या जागी तिची उलट क्रिया ठेवायची. पोलक्याची गाठ सोडताना आपण हेच करतो.

पुढच्या रविवारी नातीने आजोबांच्या रस्त्याची चिठ्ठी केली. जाताना: फाटकातून डावीकडे, दोन चौक, उजवीकडे, तीन चौक, बाक. येताना: मागे वळ, तीन चौक, डावीकडे, दोन चौक, घर उजव्या हाताला. ओळ बरोबर होती, पण मला ती अपुरी वाटली. अंगणात आम्ही बैलाकडे सतत पाहत होतो. रस्त्यावर आजोबांनी चौक मोजताना एक गाळला तर पुढच्या साऱ्या आज्ञा बरोबर असूनही व्यर्थ. म्हणून प्रत्येक वळणाला एक खूण जोडायला सांगितली. ती काय असावी, यावर दोघांचा बराच वाद झाला. नातीने लिहिले, ‘जिथे भेळेची गाडी असते तो चौक.’ आजोबा म्हणाले, “सोमवारी गाडी नसली तर?” गाडी खोडली. लाल मोटारही खोडली. राहिली ती पिठाची गिरणी आणि निळे फाटक. गिरणी बंद असली तरी तिच्यावरचा फलक असतो. मग तिने शेवटी नवी ओळ लिहिली. तीत प्रथमच ‘जर’ आले: ‘जर गिरणी दिसली तर डावीकडे वळा. जर दिसली नाही तर वळू नका, तिथेच थांबा आणि आईला फोन करा.’ खाली मोठ्या अक्षरांत आईचा नंबर.

काळजीवाहकांसाठी येथे एक स्पष्ट सूचना. ही चिठ्ठी खिशात आहे म्हणून आजोबांना एकटे सोडलेले नाही, आणि आपणही सोडू नये. स्मृतीचा त्रास असलेल्या माणसाला चिठ्ठी वाचायची आठवण राहीलच असे नाही. खिशात काय आहे हेही ध्यानात राहत नाही असे दिवस येतात. मुलावरही ती जबाबदारी टाकू नये. आठ-नऊ वर्षांची नात ही सोबत होऊ शकते, राखणदार नव्हे. फिरायला जाताना तिसरे मोठे माणूस हवेच.

ते तिसरे माणूस पहिल्या दिवशी मी होते. आजोबा पुढे, हातात चिठ्ठी. नात त्यांच्या मागे दोन पावले, हातात चिंचोक्यांची पिशवी. चौक आला की एक चिंचोका दुसऱ्या खिशात. बोलायचे नाही असा तिचा स्वतःचाच नियम होता, कारण अंगणात आजोबा तिला उत्तर सांगत नसत. जाताना काही अडले नाही. परतीला तिसऱ्या चौकात आजोबा थांबले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. काठीचे टोक उजवीकडे वळलेले मी पाहिले आणि बोलणार इतक्यात नातीने माझा पदर ओढला. आजोबांनी चष्मा वर सारून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग मान उचलून समोरच्या घरांवरचे फलक एकेक करून वाचू लागले.

“गिरणी,” ते म्हणाले, आणि डावीकडे वळले.